नक्षी शाबूत, बूट मेलेला
असोद्यातला एखादा मुलगा पोलीस भरतीसाठी जळगाव रस्त्यावर रोज 8 किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस धावत असेल, तर अकराव्या आठवड्यात त्याचे बूट 500 किलोमीटर ओलांडतात. तळाची नक्षी तेव्हाही शाबूत दिसते. पण धक्का झेलतो तो तिच्यावरचा फोम, आणि तो आधी दबून बसतो. म्हणून 500 नंतर तपासणी सुरू करावी, 800 च्या पुढे सहसा ताणू नये. बूट सपाट फरशीवर ठेवून मागून पाहा. तो एका बाजूला कलतो का? फोमच्या कडेच्या सुरकुत्या दिवसभर विसावूनही तशाच राहतात का? नुसती सुरकुती हा पुरावा नव्हे. पण सराव तोच असताना नडगी किंवा गुडघा नव्याने दुखू लागला, तर बूट बदला. बदलूनही दुखणं राहिलं, तर डॉक्टर गाठा.