मेगापिक्सेल विचारू नका, दारात मीटरला किती पिक्सेल पडतात ते विचारा

कॅमेऱ्याच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, "सर, दोन मेगापिक्सेल घेऊ का पाच?" माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

हिंगोलीतलं माझं दुकान दहा बाय पंचवीस फुटांचं. सुरुवातीला मागच्या भिंतीवर, छताला लागून, दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा बसवला. मोबाईलवर अख्खं दुकान दिसायचं, मी खूश. एका संध्याकाळी गर्दीत गल्ल्यातून रोकड गेली. रेकॉर्डिंग काढलं तर माणूस दिसतो, शर्टाचा रंग दिसतो, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट ठिपका. त्याच रंगाचा शर्ट त्या दिवशी माझ्याकडे काम करणाऱ्या पोराने घातला होता. मी त्याला चार लोकांसमोर विचारलं. तो नव्हता, हे नंतर दुसऱ्या गोष्टीवरून कळलं, पण तोपर्यंत त्याने काम सोडलं होतं. पैसे गेले त्याचं मला एवढं वाटत नाही. अर्धवट दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर मी एका माणसावर संशय घेतला, त्याचं वाटतं.

मग हिशोब शिकलो. तो असा आहे.

कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे ठराविक पिक्सेल असतात. दोन मेगापिक्सेलमध्ये ते 1920. आता ज्या जागी चेहरा पाहायचा आहे, तिथे कॅमेऱ्याला आडवी किती मीटर रुंदी दिसते ते बघा. पिक्सेलला त्या रुंदीने भागा. आलेला आकडा म्हणजे पिक्सेल प्रति मीटर. सीसीटीव्हीसाठी 2014 साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे IEC 62676-4 मध्ये, अनोळखी माणसाची ओळख पटवायला 250 पिक्सेल प्रति मीटर धरले होते. ओळखीच्या माणसाला ओळखायला 125 पुरतात. साठ-बासष्टच्या आसपास फक्त कपडे आणि हालचाल कळते. चोर बहुतेक वेळा अनोळखी असतो, म्हणून आपल्याला 250 हवेत. माणसाचा चेहरा साधारण 16 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 250 ला चेहऱ्यावर जेमतेम 40 पिक्सेल येतात. त्याहून कमी असतील तर झूम करून काही उपयोग नाही. जे टिपलंच गेलं नाही ते झूम केल्याने येत नाही.

रुंदी काढायला एक अंदाजी सूत्र वापरा. दोन मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 5.4 मिलिमीटर रुंद असतो.

```
रुंदी (मीटर) = अंतर (मीटर) × 5.4 ÷ लेन्स (मिमी)
पिक्सेल प्रति मीटर = आडवे पिक्सेल ÷ रुंदी
```

माझा जुना कॅमेरा 2.8 मिमी लेन्सचा, दारापासून 7 मीटरवर. 7 × 5.4 ÷ 2.8 म्हणजे 13.5 मीटर रुंदी. माझं दुकान 3 मीटर रुंद! म्हणजे उरलेले पिक्सेल दोन्ही बाजूंच्या भिंती आणि रॅकवर वाया गेले. 1920 ला 13.5 ने भागा, आले 142. इथेच मी नापास.

पण खरा धक्का पुढे होता. माझा डीव्हीआर रेकॉर्डिंग `1080N` मध्ये करत होता. काही मशीनवर यालाच `1080P Lite` म्हणतात. नावात 1080 आहे, पण त्यात आडवे पिक्सेल साधारण 960, म्हणजे निम्मेच. म्हणजे दारात माझ्याकडे 142 सुद्धा नव्हते, फक्त 71 होते. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, बिलावर तसंच लिहिलेलं, आणि साठवलं जात होतं अर्धं चित्र.

आता पाच मेगापिक्सेलचं बघू. त्यात आडवे पिक्सेल साधारण 2592, म्हणजे 1920 च्या जेमतेम एक-तृतीयांश जास्त. पण लेन्स 2.8 ऐवजी 6 मिमी घेतली की त्याच अंतरावर आकडा दुपटीपेक्षा जास्त होतो. म्हणून मी म्हणतो, आधी लेन्स, मग मेगापिक्सेल. अडचण एवढीच की 6 मिमीला आजूबाजूचं कमी दिसतं. म्हणून अख्ख्या दुकानावर नजर ठेवणारा आणि चेहरा टिपणारा, ही दोन कामं एकाच कॅमेऱ्यावर टाकू नका.

मी काय केलं? जुना कॅमेरा आहे तिथेच राहू दिला, दुकानभर नजर ठेवायला. दुसरा काउंटरच्या बाजूच्या खांबावर, दारापासून 4 मीटरवर लावला, 3.6 मिमी लेन्सचा. 4 × 5.4 ÷ 3.6 म्हणजे 6 मीटर रुंदी, आणि 1920 भागिले 6 म्हणजे 320. त्या चॅनेलचं रेकॉर्डिंग पूर्ण `1080P` वर केलं. काही डीव्हीआरमध्ये यासाठी सेकंदाला फ्रेम कमी कराव्या लागतात. 12-15 फ्रेम पुरतात, चेहरा जायला नको.

उंचीही बदलली. दहा फुटांवरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला जवळ आलेल्या माणसाची टोपी आणि टक्कल दिसतं, चेहरा नाही. सात फुटांवर लावला की दारातून येणारा माणूस जवळपास समोरून दिसतो. हात पोहोचण्याची भीती असेल तर काउंटरच्या आतल्या बाजूला लावा.

250 हा आकडा गाठला म्हणजे काम झालं असंही नाही. कॅमेऱ्याचं तोंड शटरकडे असेल तर दिवसा मागून ऊन येतं आणि चेहरा काळा पडतो. त्यासाठी खरा डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा लागतो. `DWDR` लिहिलेलं असेल तर ती फक्त सॉफ्टवेअरची उजळणी आहे, भर उन्हाच्या दारासमोर ती कमी पडते. रात्री उजेड कमी असला की चालता माणूस फिस्कटतो. दाराजवळ एक चांगली ट्यूबलाईट लावणं हे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडतं.

शेवटी, कॅमेरेवाल्याला पैसे देण्याआधी ही परीक्षा घ्या. दारात एक माणूस उभा करा. त्याच्या हातात चेहऱ्याच्या उंचीला बरोबर एक मीटरची काठी आडवी धरायला द्या. लाईव्ह चित्र नको, मोबाईलवरचं तर अजिबात नको, कारण तिथे बहुतेक वेळा हलक्या दर्जाचं चित्र येतं. डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घ्या, कॉम्प्युटरवर मूळ आकारात त्याची एक फ्रेम काढून पेंटमध्ये उघडा. काठीच्या दोन्ही टोकांवर माऊस नेला की खाली पिक्सेलचा आकडा दिसतो. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचे पिक्सेल प्रति मीटर. एक काळजी घ्या: `1080N` चं चित्र काही प्लेअर ताणून 1920 दाखवतात, म्हणून फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये फ्रेमची रुंदी 960 आहे का तेही बघा. हीच परीक्षा दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा.

फरक 250 च्या खाली आला तर बिल थांबवा आणि लेन्स बदलून मागा. आणि एक विनंती, ज्या रेकॉर्डिंगमध्ये चेहरा दिसत नाही, त्यावरून तुमच्याकडच्या कुणाला चोर ठरवू नका.

तुमच्या दुकानाची लांबी, दारापासूनचं अंतर आणि लेन्स लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काहींचा हिशोब करून दाखवतो.