पहिले छायाचित्र दुसऱ्याने निवडावे

विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर छायाचित्रे पारखून, त्यांचा क्रम लावून ठेवणे हा दिखाऊपणा आहे, असे आमच्या परिचयातील वाङ्मयप्रेमी मंडळी मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. हाताला येईल तो फोटो टाकावा आणि खाली चार ओळी मनापासून लिहाव्यात. माणूस जसा आहे तसा दिसला पाहिजे, एवढे त्यांचे म्हणणे. प्रामाणिकपणाची झूल पांघरल्यामुळे हे मत प्रतिष्ठित ठरले आहे. आम्हांला ते चुकीचे वाटते, आणि त्याची किंमत भिडस्त, अबोल माणसे मोजतात म्हणून त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे वाटते. ज्यांचे रूप चार भेटींनंतर उलगडते, त्यांच्या त्या मनापासून लिहिलेल्या चार ओळींपर्यंत अनोळखी वाचक पोचतच नाही.

‘जसे आहोत तसे’ या शब्दांत एक गृहीतक दडलेले आहे. माणसाचा एक खरा चेहरा असतो आणि कोणताही फोटो तो कमीअधिक दाखवतो, हे ते गृहीतक. अलेक्झांडर तोदोरोव्ह आणि जेनी पोर्टर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने त्याला चांगलाच तडा दिला आहे. एकाच माणसाची, साधारण सारख्याच परिस्थितीत घेतलेली निरनिराळी छायाचित्रे त्यांनी अनोळखी लोकांना दाखवली. हा माणूस विश्वासू वाटतो का, मनमिळाऊ वाटतो का, यावर मिळालेल्या उत्तरांत एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांमधील तफावत दोन वेगळ्या माणसांमधील तफावतीच्या तोडीची निघाली. त्याआधी, २००६ साली, जॅनिन विलिस आणि तोदोरोव्ह यांनी असे दाखवले होते की चेहरा एक दशांश सेकंद दिसला तरी पाहणाऱ्याचे मत बनते. अधिक वेळ दिल्याने ते मत फारसे बदलत नाही, फक्त त्याची खात्री वाढते. तेव्हा ‘हाताला येईल तो फोटो’ टाकणारा माणूस अधिक खरा दिसतो, हे आम्हांला मान्य नाही. त्याने आपली निवड नशिबावर सोपवलेली असते, एवढेच.

मग निवड करायची कोणी? येथे आमचे म्हणणे बहुतेकांना रुचणार नाही. ती स्वतः करू नये. डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बोलका आहे. प्रत्येकाने स्वतःची बारा छायाचित्रे आणली, त्यांतून प्रोफाइलसाठी योग्य ती निवडली; शिवाय आपल्याला अनोळखी अशा दुसऱ्या एका विद्यार्थ्यासाठीही निवड केली. नंतर तिसऱ्याच लोकांना ती दाखवली, तेव्हा परक्याने निवडलेल्या छायाचित्रांनी अधिक चांगली छाप पाडली. याचे आश्चर्य वाटू नये. स्वतःचा फोटो पाहताना आपण त्या दिवसाची आठवण, अंगावरचा आवडता कुर्ता, आरशात सवयीचा झालेला चेहरा असे बरेच काही पाहत असतो. परक्याला यांतले काहीच दिसत नाही. कवीला आपल्या कोणत्या कवितेने संग्रहाची सुरुवात व्हावी हे अनेकदा उमगत नाही आणि संपादकाला ते चटकन दिसते, हे साहित्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक उदाहरण कल्पू. छत्तीस वर्षांचे एक प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडे सहा छायाचित्रे आहेत: स्टुडिओतले कोटातले, पदवीदान समारंभातले झग्यातले, राजगडावर सात मित्रांसोबतचे, गाडीत बसून गॉगल लावून काढलेला सेल्फी, बहिणीच्या लग्नातले फेट्यातले, आणि घराच्या गॅलरीत एका मित्राने टिपलेले, ज्यात ते हातात चहाचा कप घेऊन कोणाच्या तरी बोलण्यावर हसत आहेत. प्राध्यापकांची स्वतःची पसंती अर्थातच कोटाला.

यादीतून स्थळे चाळणाऱ्याला पहिले छायाचित्र अंगठ्याच्या नखाएवढे दिसते, हे आधी ध्यानात घ्यावे. त्या आकारात राजगडावरचे आठ चेहरे म्हणजे आठ ठिपके, आणि त्यांतले उमेदवार कोण हे कळायला मार्ग नाही. गॉगलमागे डोळे दिसत नाहीत. सेल्फीचा आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. हाताच्या अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात नाक फुगते आणि कान मागे सरतात. २०१२ साली रॉनी ब्रायन, पिएत्रो पेरोना आणि राल्फ अडॉल्फ्स यांनी सुमारे ४५ आणि १३५ सेंटिमीटर अंतरांवरून घेतलेले त्याच माणसांचे चेहरे लोकांना दाखवले, तेव्हा जवळून घेतलेले चेहरे कमी विश्वासू वाटले. कॅमेरा दीड मीटरवर ठेवून किंचित झूम करावे, हा साधा उपाय आहे. कोटातल्या फोटोत ओठ मिटलेले, कोपरे खाली झुकलेले आणि हनुवटी वर आहे. प्राध्यापकांना ते भारदस्त वाटते, अनोळखी माणसाला रागीट वाटू शकते. गॅलरीतल्या फोटोत बाजूने मऊ उजेड आहे, डोळ्यांच्या खोबणीत सावली नाही, हसताना खालच्या पापण्या उचलल्या गेल्या आहेत आणि चेहऱ्याने चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापला आहे. पहिला मान त्याचा.

पण हा निकाल आमच्या शब्दावर स्वीकारू नये. प्राध्यापकांना न ओळखणाऱ्या पाचसहा जणांना सहाही फोटो एकत्र दाखवावेत आणि ‘कोणता छान?’ असे न विचारता ‘परक्या गावात यांपैकी कोणाला पत्ता विचाराल?’ असे विचारावे. चौघांचे बोट एकाच ठिकाणी पडले तर प्रश्न मिटला. बोटे विखुरली तर पहिल्या जागेचे छायाचित्र अजून काढायचेच आहे, असे समजावे. दुसऱ्या जागी पूर्णाकृती फोटो हवा, म्हणजे लपवाछपवीची शंका राहत नाही; तिसऱ्या जागी राजगड, कारण आता चेहरा ओळखीचा झालेला असतो; मग फेटा. कोट चालेल, पण शेवटी. झगा आणि गॉगल वगळावेत.

यावर एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. परक्याची पसंती प्रमाण मानली तर परक्याचे पूर्वग्रहही प्रमाण होत नाहीत काय? होतात. आपल्याकडे ‘चांगला फोटो’ म्हणजे उजळ केलेला फोटो, हे समीकरण स्टुडिओंनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. त्वचेच्या वर्णावरून स्थळे चाळण्याची सोय शादी डॉट कॉमने २०२० साली, तीही लोकांनी आवाज उठवल्यावर, काढली. म्हणून मर्यादा स्पष्ट असावी. परक्याने आपल्या खऱ्या छायाचित्रांतून निवड करावी. रंग, नाक, जबडा यांवर हात चालवण्याचा अधिकार त्याला नाही. फोटो दोन वर्षांहून जुना नसावा. भेटीत समोरचा ‘तुम्ही फोटोपेक्षा वेगळे दिसता’ म्हणाला, तर निवड फसली.

आणि गॅलरीत हसणारा माणूस स्वभावानेही तितकाच मायाळू असेल, असे त्या फोटोवरून मुळीच सिद्ध होत नाही. ते शोधण्याचे काम भेटीचे आहे. पहिल्या छायाचित्राने त्या भेटीआधीच दार लावून घेऊ नये, एवढाच आमचा आग्रह आहे.