परतीचे भाडे कोणी भरावयाचे?

शिरोड्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे लागते. तेथील मोपा विमानतळ २०२३ साली सुरू झाल्यापासून आखाताची वाट आपल्या उंबऱ्याशी आली आहे. त्या वाटेने गेलेला एखादा तरुण परक्या विमानतळावरूनच परत पाठविला जातो, तेव्हा त्याच्या पैशाचे काय होते याचा हिशेब मांडावयास हवा.

समजा, दलालाने त्याला नोकरीचे आश्वासन देऊन पर्यटक व्हिसावर पाठविले. जाण्याचे भाडे पंधरा हजार आणि महिन्यानंतरच्या परतीचे बारा हजार, एकाच तिकिटावर. तेथून दुसऱ्या शहरी जाण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे दहा हजारांचे वेगळे तिकीट. उतरल्यावर अधिकारी विचारतो, राहणार कोठे, जवळ पैसे किती? उत्तर पटले नाही की प्रवेश नाकारला जातो. पासपोर्ट बहुधा विमान कंपनीच्या ताब्यात जातो आणि परतीच्या विमानापर्यंत त्याला एका खोलीत थांबावे लागते.

१९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार, ज्या कंपनीने त्याला आणले तिनेच त्याला परत न्यावयाचे असते. मात्र तो खर्च प्रवाशाकडून वसूल करण्यास तेथे मनाई नाही. कंपन्यांच्या सर्वसाधारण अटी असे सांगतात की, जाण्याचे भाडे परत मिळत नाही आणि न वापरलेल्या प्रवासाची किंमत परतीच्या खर्चात वळती करून घेता येते. म्हणजे त्याचे बारा हजार तेथे जमा होतात. त्या दिवसाचे भाडे अठरा हजार असेल, तर उरलेले सहा हजार त्याच्याकडे मागता येतात. पुढच्या तिकिटाची कंपनी मात्र या व्यवहारात नाहीच. तिच्या दृष्टीने तो केवळ गैरहजर प्रवासी. परतावा न देणारे स्वस्त तिकीट असेल, तर मूळ भाडे बुडते. भारतीय कंपनीचे तिकीट असल्यास न वापरलेल्या प्रवासावरील सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत मिळावयास हवे. पण ते मागावे लागते.

सदतीस हजार आधी भरले, सहा हजारांची मागणी वर आली, आणि हाती काम नाही. प्रवेश नाकारला सरकारने, भाडे मिळाले कंपनीला, कमिशन मिळाले दलालाला. जोखीम तेवढी कर्ज काढणाऱ्याच्या वाट्याला आली. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणीकृत दलालाकडून अनामत घेण्याची तरतूद केली, ती कामगाराला परत आणण्याचा खर्च त्यातून निघावा म्हणूनही. पर्यटक व्हिसाची युक्ती नेमकी हीच तरतूद चुकविते. कागदोपत्री तो कामगार नसतोच.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. नोकरीचे आश्वासन देऊन पैसे घेणाऱ्याने, व्हिसा कोणताही असो, परतीचे भाडे भरलेच पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी जाणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्यात. सर्व प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावा, दलालाला दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी आणि प्रवेश नाकारल्यास कारणाचा कागद मागून घ्यावा. दलालाविरुद्ध दाद मागताना हेच कागद उपयोगी पडतात.