अवमानाची नोटीस आली तर



गावात वाद झाला की फॉरेस्टवाला म्हणतो, तलाठी म्हणतो, “जास्त बोलाल तर कोर्टाचा अवमान होईल.” पहिली गोष्ट ही की तलाठी म्हणजे कोर्ट नाही. वनहक्काचे दावे तपासणारी उपविभागीय समिती कोर्ट नाही, जिल्हा समितीही नाही. त्यांच्या विरोधात घोषणा दिल्या, पत्रक काढलं, तर त्याने कोर्टाचा अवमान होत नाही.

1971 च्या कायद्यात अवमान दोन प्रकारचा आहे. कोर्टाने स्टे दिलेला असताना मुद्दाम तो मोडणे हा दिवाणी अवमान. फौजदारी अवमान वेगळा. कोर्टाची बदनामी होईल असं बोलणे, लिहिणे किंवा फलकावर रंगवणे, चालू खटल्यावर दबाव आणणे, न्यायाच्या कामात आडवं येणे, हे त्यात येतं. साक्षीदाराला धमकावलं तर तोही हाच अवमान.

मग निकालावर बोलायचंच नाही का? बोलायचं. “ग्रामसभेचा ठराव निकालात वाचलेलाच दिसत नाही, हा निकाल चुकीचा आहे,” असं संपलेल्या खटल्याबद्दल म्हणणे ही टीका आहे आणि कायदा तिला मोकळीक देतो. पण “जज कंपनीचे पैसे खाऊन बसला,” असं सभेत म्हटलं तर तो निकालावरचा नाही, जजच्या इमानावरचा आरोप झाला. 2006 पासून खरेपणा हा बचाव घेता येतो, पण ती गोष्ट लोकहिताची असली पाहिजे आणि हेतू साफ पाहिजे. पुरावा हातात नसेल तर ते वाक्य माईकवर नको. खालच्या कोर्टाच्या जजबद्दल खरी तक्रार असेल तर ती हायकोर्टाला लेखी करता येते, आणि प्रामाणिकपणे केलेली अशी तक्रार अवमान धरली जात नाही.

आता नर्मदेची गोष्ट. आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याची गावं बुडवणाऱ्या सरदार सरोवराची भिंत 90 मीटरपर्यंत चढवायला सुप्रीम कोर्टाने 18 ऑक्टोबर 2000 ला परवानगी दिली. डिसेंबरमध्ये दिल्लीत कोर्टासमोर धरणं झालं. काही वकिलांनी अर्ज केला की तिथे कोर्टाविरुद्ध घोषणा दिल्या. मेधाताई पाटकर, वकील प्रशांत भूषण आणि लेखिका अरुंधती रॉय यांना नोटीस निघाली. तिघांनी आरोप नाकारले. तो अर्ज इतका कच्चा होता की 2001 मध्ये कोर्टाने तो फेटाळला. अॅटर्नी जनरलची संमतीसुद्धा त्याला नव्हती.

म्हणजे धरण्याबद्दल शिक्षा कुणालाच झाली नाही. पण रॉय यांनी नोटिशीला दिलेल्या उत्तरात लिहिलं होतं की कोर्टाला टीका दाबायची आहे असं या नोटिशीवरून दिसतं. त्या मजकुरावरून कोर्टाने स्वतःहून नवी नोटीस काढली. 6 मार्च 2002 ला एक दिवस कैद आणि 2000 रुपये दंड झाला, दंड न भरल्यास तीन महिने. त्या एक दिवस तिहारमध्ये राहिल्या आणि दंड भरला. आमच्या मते ही शिक्षा व्हायलाच नको होती. ज्याच्यावर टीका, तोच निवाडा करणार, हे आम्हाला पटत नाही. पण ज्याला नोटीस आली आहे त्याने एवढं ओळखावं की जुना आरोप पडला तरी आपलं उत्तर हाच नवा आरोप होऊ शकतो.

म्हणून नोटीस घ्यायची. बेलीफ दिसला की रानात निघून जायचं, हे इथे उपयोगाचं नाही. हजर राहिलं नाही तर वॉरंट निघू शकतं. घेतल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवायची. सोबत अर्जाची आणि प्रतिज्ञापत्राची नक्कल आहे का ते बघायचं. नसेल तर मागायची, तो आपला हक्क आहे. नेमकं कोणतं वाक्य, कुठे, कधी बोललं असं म्हणतात, ते शोधायचं. वर्ष उलटून गेलेल्या गोष्टीवर कारवाई सुरू करता येत नाही. खाजगी माणसाने हायकोर्टात अर्ज केला असेल तर त्याला महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते, ती जोडलीय का हेही बघायचं.

मग वकील. आदिवासी माणसाला सरकारी वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जातीचा दाखला घेऊन जायचं. उत्तर आपल्या बोलीत समजावून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

उत्तरात फक्त त्या वाक्याबद्दल लिहायचं. बोललोच नाही तर तसं, आणि तिथे कोण हजर होतं ते. बोललो पण ती टीका होती, तर पूर्ण भाषण जोडायचं, तोडलेलं वाक्य नाही. खरंच तोंडातून गेलं असेल तर पहिल्याच तारखेला सरळ माफी, कारण शिक्षा ठरल्यावर मागितलेली माफी जज मनापासूनची मानत नाहीत. न बोललेल्या शब्दाची माफी मात्र कुणी सांगितलं तरी मागू नये. फॉरेस्टचा राग, कंपनीचा राग त्या कागदात घालू नका. त्याला आपलं पत्रक आहे.

तारखेला दोन-चार जण सोबत जा, घोषणा कोर्टाच्या दारात नकोत. फौजदारी अवमान हायकोर्टात दोन जज ऐकतात. जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने साधी कैद, दोन हजार दंड, किंवा दोन्ही. ती झालीच तर 60 दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील करता येतं.