घोटा मुरगळला? एक्स-रेआधी डॉक्टरांनी दाबून पाहायला हवं

गेल्या महिन्यात बॉक्स क्रिकेट खेळताना माझा घोटा मुरगळला. पाऊल आतल्या बाजूला वळलं आणि दहा मिनिटांत बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली. लंगडत रिक्षा गाठली. हॉस्पिटलमध्ये मात्र डॉक्टरांनी पायाला हात लावण्याआधीच काउंटरवर एक्स-रेची पावती फाडली गेली. हाड शाबूत होतं. पण एक्स-रेची गरज होती का?

हा प्रश्न कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि सहकाऱ्यांना पडला होता. त्यांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम 'ओटावा अँकल रूल्स' म्हणून ओळखले जातात. घोट्याजवळ दुखत असेल, तर डॉक्टर दोन गोष्टी बघतात. बाहेरच्या आणि आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालचे ६ सेंटिमीटर, टोकापर्यंत दाबल्यावर दुखते का? आणि दुखापत झाल्या झाल्या, तसंच तपासणीच्या वेळीही, चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतात. दाबून कुठेच दुखत नसेल आणि दोन्ही वेळा चालता येत असेल, तर घोट्याचा एक्स-रे लागत नाही.

मागचीच कड का? इंजिनिअर असल्यामुळे मला हा भाग सगळ्यात आवडला. पाऊल आत वळतं तेव्हा बहुतेकदा आधी ताणलं जातं ते घोट्याच्या पुढच्या बाजूचं लिगामेंट. बाहेरचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, आणि खालचं टॅलस यांना ते बांधून ठेवतं. त्यामुळे साध्या मुरगळण्यात सूज आणि दुखणं घोट्याच्या पुढे असतं. मागच्या कडेला ते लिगामेंट नाही. तिथे दाबल्यावर कळ आली, तर शंका हाडाची.

माझं दुखणं पुढेच होतं आणि दोन्ही वेळा मी चाललो होतो. पायाच्या मधल्या भागात दुखत असेल, तर करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाचं मागचं टोक आणि आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर हाडही दाबून बघतात. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हे सगळं दाबून पाहिलं. हाडावर कुठेच दुखलं नाही. नियमाप्रमाणे एक्स-रेची गरज नव्हती.

आता उलट बाजू. नियमात बसलं म्हणजे हाड मोडलंच, असं नाही. टोकाशी आणखी एक लिगामेंट जोडलेलं असतं, त्यामुळे नुसत्या मुरगळण्यातही तिथे दुखू शकतं. अशा अनेकांचे एक्स-रे नॉर्मलच येतात. नियमाचं काम फ्रॅक्चर सहसा निसटू न देण्याचं आहे. दारू प्यायलेल्या, शुद्ध हरपलेल्या किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसावर तो लावू नये, कारण त्यांना कळ जाणवेलच असं नाही. लहान मुलांच्या बाबतीतही जपून.

घरी दाबून स्वतःच निकाल लावा, असं मी म्हणत नाही. पण पावती फाडण्याआधी 'डॉक्टर, मागची कड दाबून बघता का?' एवढं विचारायला काय हरकत आहे?