खातं हलवलं तर सोबत काय येतं?

चाकणमधली एक कंपनी सोडून दुसरीत लागलो तरी पीएफचा यूएएन तोच राहतो. सोशल मीडियावर असं होत नाही. आमच्या भागातल्या ट्रॅफिक आणि पाण्याच्या तक्रारी टाकायचो ते पेज एका मोठ्या प्लॅटफॉर्मवर कारण न सांगता बंद झालं. फोटो गेले, जोडलेली माणसंही गेली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं, तेव्हा भारतातले बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले होते. मॅस्टोडॉन ही एकच साइट नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात. पत्ता ई-मेलसारखा असतो, आधी नाव, मग सर्व्हर. मी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो केलं की माझा सर्व्हर त्याच्या सर्व्हरला विनंती पाठवतो. ती मान्य झाली की पुढच्या पोस्ट माझ्याकडे येऊ लागतात. त्याच्या आधीच्या पोस्ट बहुतेक वेळा दिसत नाहीत. म्हणून नवीन खातं पाहून 'याने काहीच लिहिलं नाही' असं समजू नका.

आता सर्व्हर बदलायचा झाला तर? क्रम महत्त्वाचा आहे. आधी नव्या खात्यात जाऊन जुन्या खात्याचा पत्ता 'हे माझंच' म्हणून नोंदवायचा. मग जुन्या खात्यातून हलवण्याचा आदेश द्यायचा. फॉलोअर्सचे सर्व्हर ती नोंद तपासतात आणि त्यांना आपोआप नव्या खात्याशी जोडतात. नोंद दोन्हीकडून लागते, नाहीतर कुणीही आपले फॉलोअर्स पळवले असते.

आपण ज्यांना फॉलो करतो ती यादी, ब्लॉक, म्यूट आणि बुकमार्क मात्र स्वतः फाइल उतरवून नव्या ठिकाणी चढवावे लागतात. आणि जुन्या पोस्ट? त्या येत नाहीत. त्यांची फाइल उतरवून घेता येते, पण नव्या खात्यात टाकता येत नाही. पत्ताही बदलतो.

सगळ्यात मोठी अट म्हणजे हलवताना जुना सर्व्हर चालू हवा. तो अचानक बंद पडला तर आदेश कोण पाठवणार? फॉलोअर्सही गेले. सर्व्हर चालवणारे बरेचदा एकटे, स्वखर्चाने चालवतात. २०२३ मध्ये mastodon.lol चालवणाऱ्याने बंद करतोय असं जाहीर केलं, तेव्हा काही महिने हातात असल्यामुळेच लोकांना हलता आलं.

म्हणून माझं मत असं. पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायट्या, कामगार संघटना, नागरिक गट यांनी अशा नेटवर्कवर एक खातं जरूर उघडावं. कारण मालकाने दार लावलं तर मोठ्या प्लॅटफॉर्मवर माणसंही हातून जातात, इथे ती सोबत नेता येतात. पण खड्ड्यांचे फोटो, तक्रारींच्या तारखा, महापालिकेची उत्तरं असा पुरावा कुठल्याच सर्व्हरच्या भरवशावर ठेवू नका. महिन्यातून एकदा फाइल उतरवा आणि गटातल्या दोघांकडे तरी ठेवा.

आणि खातं उघडण्याआधी एक प्रश्न विचारा, या सर्व्हरचा खर्च कोण भरतं?