तीन टिंबांनी गिळलेला कायदा

"जातीवरून अपमान केला म्हणून ॲट्रॉसिटीचा गुन्हा होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने…"

एवढीच ओळ. पुढे तीन टिंबं आणि खाली न्यायालयाच्या घुमटाचा फोटो. या धाटणीचे मथळे २०२० च्या नोव्हेंबरपासून आपल्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असतात. काही दिवस गायब होतात, मग कुठेतरी अत्याचाराची घटना घडली की पुन्हा उगवतात. त्यावर तारीख नसते, खटल्याचं नाव नसतं. पण दहा मिनिटांत त्याखाली मतांचा ढीग पडतो. काका लिहितात, "संपला आपला कायदा." मामा लिहितात, "मनुवादी न्यायव्यवस्था." कॉलेजात जाणारा भाचा तोच मथळा स्टेटसला लावतो. त्या टिंबांच्या पलीकडे काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. कायद्याच्या बातमीत अट हाच कायदा असतो. मथळा कापला जातो तेव्हा बहुतेक वेळा अटच कापली जाते. अट वाचल्याशिवाय दिलेलं मत निकालावरचं नसतं, ते टिंबांवरचं असतं.

यात आपल्या भाषेचीही एक गंमत आहे, आणि ती महागात पडणारी आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "घराच्या चार भिंतींआड, बाहेरचं कोणी नसताना केलेला अपमान या कलमाखाली गुन्हा ठरत नाही" हे वाक्य मोबाईलच्या पडद्यावर "गुन्हा…" इथे तुटलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की न्यायालयाने गुन्हा ठरवला. इंग्रजी मथळ्यात उलट होतं. तिथे नकार आधी येतो आणि अट मागून येते. तो तुटला, किंवा त्याच क्रमाने मराठीत आणला, की "गुन्हा नाही" एवढंच उरतं. म्हणजे निकाल एकच आणि कात्री दोन ठिकाणी लागली, तर एका घरात आनंद होईल आणि शेजारच्या घरात हताशा. दोन्ही घरं चुकीची.

आता टिंबांच्या पलीकडे जाऊ. निकाल आहे हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य, ५ नोव्हेंबर २०२०. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव, हेमंत गुप्ता आणि अजय रस्तोगी यांचं खंडपीठ. प्रकरण जमिनीच्या वादातून आलेलं. तक्रारदार महिलेचं म्हणणं होतं की आरोपींनी घरात येऊन जातीवरून शिवीगाळ केली आणि धमक्या दिल्या. न्यायालयाने पाहिलं ते ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर). या कलमात अपमान पुरेसा नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हिणवण्याचा हेतू हवा आणि अपमान "लोकांच्या नजरेत येणाऱ्या ठिकाणी" झालेला हवा. न्यायालयाचं म्हणणं पडलं की फिर्यादीप्रमाणे हा प्रकार घराच्या चार भिंतींत झाला, तिथे नातेवाईक-मित्र सोडून बाहेरचं कोणी हजर असल्याचं फिर्यादीत नाही, आणि वाद मालमत्तेचा आहे. म्हणून त्या एका कलमापुरतं आरोपपत्र रद्द झालं. बाकीच्या गुन्ह्यांचा खटला कायद्याप्रमाणे चालेल, असंही त्याच निकालात आहे. हे शेवटचं वाक्य कोणत्या मथळ्यात बसलं?

या निकालावर टीका करायला भरपूर जागा आहे. जमिनीचा वाद आणि जातीचा वाद असे दोन वेगळे कप्पे गावात असतात का? दलिताच्या शेतात त्याला पाय ठेवू न देणं हा निव्वळ मालमत्तेचा प्रश्न असतो का? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण निकाल वाचलेला माणूसच ते विचारू शकतो. "संपला कायदा" म्हणणाऱ्याला ते सुचतही नाहीत, कारण त्याच्यापुरता विषय संपलेला असतो.

आता हीच अट चिंचपोकळीत आणून पाहू. आपल्याकडे चार भिंती म्हणजे किती? स्टेशनवरून ना. म. जोशी मार्गाने चालत गेलं की बी.डी.डी. चाळी लागतात. एका खोलीचं कुटुंब, दार दिवसभर उघडं, समोर सगळ्या मजल्याची ये-जा. गॅलरीत उभं राहून कोणी जातीवरून शिवी दिली, तर ती पाच घरांत ऐकू जाते आणि दहा माणसं बाहेर येऊन बघतात. हे "चार भिंतींआड" झालं का?

याचं उत्तर त्याच न्यायालयाने आधी देऊन ठेवलं आहे. स्वर्ण सिंग विरुद्ध राज्य, १८ ऑगस्ट २००८. त्यात न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सार्वजनिक जागा वेगळी आणि लोकांच्या नजरेत येणारी जागा वेगळी. जागा खासगी मालकीची असली तरी ती लोकांच्या नजरेत असू शकते. त्या खटल्यात घराच्या फाटकाजवळ, उभ्या गाडीपाशी दिलेली जातिवाचक शिवी लोकांच्या नजरेतली धरली गेली आणि दोन आरोपींना सुटका मिळाली नाही. तिसऱ्याविरुद्धची कारवाई मात्र रद्द झाली. का? त्याने बोललेले शब्द कोणाच्या हजेरीत होते किंवा ती जागा कशी होती, याचा फिर्यादीत उल्लेखच नव्हता. एकाच घटनाक्रमात दोघं अडकले आणि एक सुटला, तो फिर्यादीत न लिहिलेल्या दोन ओळींमुळे.

अजून एक गोष्ट सांगतो, म्हणजे घाईची किंमत कळेल. स्वर्ण सिंग निकाल म्हणतो की इमारतीच्या आत शिवी दिली, पण तिथे नातेवाईक-मित्रांखेरीज बाहेरची माणसं हजर असली, तर तोही गुन्हाच. हितेश वर्मा निकालात हे तत्त्व सारांशाने सांगताना नेमकं उलट वाक्य पडलं आहे, "गुन्हा होणार नाही" असं. आणि लगेच खाली जुन्या निकालाचा मूळ उतारा दिला आहे, त्यात "गुन्हा होईल" असं आहे. निकाल छापणाऱ्या संपादकांनी या विसंगतीवर टीप टाकलेली आहे. म्हणजे निकालाचं एकच वाक्य उचललं तरी माणूस फसतो. मग अर्ध्या मथळ्यावर मत द्यायचं धाडस आपण कुठून आणतो?

हे सगळं वकिलांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. समजा, त्याच फॅमिली ग्रुपवर एक वहिनी आहेत. कपडे वाळत घालण्यावरून भांडण झालं आणि शेजाऱ्याने गॅलरीत सगळ्यांसमोर जात काढली. त्या पोलीस ठाण्यात जायच्या विचारात आहेत. तेवढ्यात तो मथळा येतो आणि खाली घरचीच मोठी माणसं लिहितात, "आता उपयोग नाही, कोर्टाने काढून टाकलंय." वहिनी गप्प बसतात. चार दिवस जातात. साक्षीदार सांगतात, आम्हाला नीट आठवत नाही. उशीर का झाला, हा पहिला प्रश्न पुढे बचाव पक्षाचा वकील विचारणार. म्हणजे कायदा न्यायालयाने मोडला नाही, तो आपल्याच ग्रुपवर मोडला. शिवी देणाऱ्याला याहून स्वस्त वकील मिळणार नाही.

त्याच वहिनींना पूर्ण निकाल वाचलेला कोणी भेटला असता तर त्याने वेगळं सांगितलं असतं. त्याने सांगितलं असतं की आधी जागा लिहा: गॅलरी, जिना की खोली, आणि दार उघडं होतं की बंद. मग माणसं लिहा: कोण उभं होतं, त्यातले नात्याबाहेरचे कोण. मग बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा, "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढ्यावर भागवू नका. तो हेही सांगता की "लोकांच्या नजरेत" ही अट अपमानाच्या आणि जातीवरून शिवीगाळीच्या कलमांना आहे, सगळ्या कायद्याला नाही. जमिनीवरून हुसकावणं, लैंगिक अत्याचार, यांना बंद दाराआड झाले म्हणून सूट मिळत नाही.

यावर आपल्यातलेच काही साथी म्हणतील, थांबा म्हणणं ही सुखवस्तू माणसाची चैन आहे. २०१८ ला थांबलो असतो तर कायदा गेला असता. हा आक्षेप खरा मानून तारखा बघू. सुभाष महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल २० मार्च २०१८ चा. फिर्यादीआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, अशा अटी त्यात घातल्या गेल्या. भारत बंद झाला २ एप्रिलला. मधल्या तेरा दिवसांत आपल्या लोकांनी निकाल वाचला, कोणत्या निर्देशाने काय बिघडतं ते वस्त्यावस्त्यांत समजावलं आणि नेमकी मागणी घेऊन ते रस्त्यावर उतरले. त्या बंदमध्ये माणसांचे जीवही गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातलं, १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ वैध ठरलं. थांबणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. ते तेरा दिवस म्हणजे थांबणं, आणि २ एप्रिल म्हणजे त्यानंतरचं मत.

आणि तरीही २०१८ चा "आता थेट अटक नाही…" हा मथळा आजही फिरतो. बातमी त्या दिवशी खरी होती, आज खोटी आहे. टिंबं फक्त वाक्य कापत नाहीत, तारीखही कापतात.

म्हणून ग्रुपवर असा मथळा आला की आधी लिंक उघडा. आतल्या पानावर मथळा पूर्ण असेल तर तो फोनच्या पडद्याने कापला. आतही टिंबंच असतील तर ती संपादकाने तुम्हाला ओढायला ठेवली आहेत, आणि अशा बातमीवर जास्त संशय घ्या. नुसता स्क्रीनशॉट असेल तर पाठवणाऱ्या काकांना आदराने विचारा, "काका, लिंक आणि तारीख मिळेल का?" मग बातमीत चार गोष्टी शोधा: खटल्याचं नाव, तारीख, कलम, आणि शेवटी न्यायालयाने काय रद्द केलं व काय ठेवलं. खटल्याचं नाव मिळालं की निकाल sci.gov.in वर सापडतो. इंग्रजी जड वाटलं तर शेवटचे दोन परिच्छेद आधी वाचा, आदेश बहुधा तिथेच असतो.

या चारपैकी एक जरी सापडलं नाही, तर ग्रुपवर एवढंच लिहा: "पूर्ण निकाल वाचून उद्या सांगतो, तोवर कोणी तक्रार थांबवू नका." या वाक्यातला दुसरा भाग विसरू नका. मत उद्यापर्यंत थांबू शकतं, फिर्याद नाही.